भाडं ते भाडे

मावशीचा मेसेज मी पाहिला तेव्हा तो जाऊन वीस मिनिटं झाली होती. रात्री पावणेअकरा वाजता तिने भाडेकरूला लिहिलं होतं, "भाडे अजून आले नाही!! असे चालणार नाही." त्या दिवशी तारीख होती ६. भाडं द्यायची मुदत ५. म्हणजे एका दिवसाच्या उशिरावर, झोपायच्या वेळी, दोन उद्गारचिन्हं. समोरून सकाळी उत्तर आलं. पैसे ४ तारखेलाच पाठवले होते, पण बायकोच्या खात्यावरून. पासबुकात नाव वेगळं दिसल्यामुळे मावशीला ते ओळखू आले नव्हते. तिने मला फोन केला आणि म्हणाली, "आता तूच लिहीत जा बाबा. मला राग आला की हात थांबत नाही."

मावशी नाशिकला असते. पुण्यात कर्वेनगरला तिचा एक छोटा फ्लॅट आहे, तो तिने अकरा महिन्यांच्या करारावर दिलेला असतो. भाडं २२,०००, अनामत ६०,०००. हे भाडं म्हणजे तिचं निम्मं पेन्शन आहे, त्यामुळे उशीर झाला की तिला धडकी भरते. गेली काही वर्षं भाड्याचे मेसेज मी लिहितो, ती फक्त वाचून "पाठव" म्हणते. या उद्योगात माझ्या एक लक्षात आलं. मेसेज सौम्य किंवा कडक होतो तो विशेषणांनी नव्हे. मराठीत ते काम क्रियापदाचं शेपूट करतं, आणि उरलेलं काम तारीख आणि आकडा करतात.

आधी तारखांचं बघू. मुदत ५ असेल तर पहिली आठवण २ तारखेला जाते, सकाळी अकराच्या सुमारास. महिन्याच्या अखेरीस पाठवण्यात अर्थ नसतो, कारण बऱ्याच खाजगी नोकऱ्यांत पगार १ तारखेला किंवा त्यानंतर होतो. लहान कंपन्यांत तर ७ तारीखही उजाडते. पगाराआधी आलेली आठवण माणूस वाचतो आणि विसरतो. पगार ७ ला होणाऱ्या माणसाशी ५ तारखेचा करार करणं ही तर घरमालकाची चूक आहे. त्याला दर महिन्याला दोन दिवस उशीर होणार, दर महिन्याला आपण त्याला आठवण करणार आणि वर्षभरात आपल्या मेसेजची किंमत शून्य होणार. नवा करार करताना पगार कधी होतो ते सरळ विचारावं आणि मुदत त्याच्या दोन-तीन दिवस पुढची ठेवावी. प्रत्यक्ष ५ तारखेला मी काहीच पाठवत नाही. तो दिवस त्याचा आहे, रात्री बारापर्यंत.

२ तारखेचा मेसेज असा असतो:

"नमस्कार. ऑगस्टचं भाडं (२२,००० रुपये) ५ तारखेपर्यंत नेहमीच्या खात्यात पाठवाल ना? शेऱ्यात 'ऑगस्ट भाडे' लिहिलंत तर मावशींना हिशेब लावायला सोपं जातं. बाथरूमचा नळ दुरुस्त झाला का, तेही कळवा."

यात "पाठवाल ना" हा सगळा जीव आहे. "पाठवा" ही आज्ञा झाली, मागे "कृपया" लावलं तरी आज्ञाच. उलट "कृपया पाठवा" वाचताना बँकेची किंवा वीज कंपनीची आठवण होते. "पाठवाल का" यात शंका आहे, जणू न पाठवण्याचाही पर्याय आहे. "पाठवाल ना" मध्ये आपण धरूनच चाललो आहोत की तो पाठवणार, आणि तरी विचारतो आहोत. हा "ना" मराठी माणूस शेजाऱ्याला, दुकानदाराला, जावयाला दिवसातून दहा वेळा लावतो. मुदतीपूर्वीच्या आठवणीला याच्याइतकं हलकं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

"नेहमीच्या खात्यात" हेही मुद्दाम आहे. या मेसेजमध्ये मी खाते क्रमांक कधीच देत नाही. घरमालकाच्या नावाने "खातं बदललं आहे, या नंबरवर पाठवा" असा खोटा मेसेज पाठवून भाडं उपटण्याचे प्रकार होतात. खातं कधी बदललं तर मावशी फोन करून सांगेल, मेसेजवर नाही, हे भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं आहे.

शेऱ्याची विनंती नुसती सोयीची वाटते, पण तिच्यामागे कायदा आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याची ५९ ते ६१ ही कलमं नेमकी याच गोष्टीची आहेत. देणेकऱ्याने पैसे देताना ते कशापोटी आहेत ते सांगितलं, तर घेणाऱ्याने ते त्यातच धरायचे. त्याने काही सांगितलं नाही, तर कोणत्या बाकीत धरायचे ते घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवलं नाही, तर जुनी बाकी आधी फिटते. दोन-तीन महिने पैसे तुकड्यातुकड्यांनी आले की "हे जूनचे की जुलैचे" यावर जो वाद पेटतो, तो शेऱ्यातल्या दोन शब्दांनी मिटतो.

नळाचा प्रश्न पहिल्या मेसेजमध्ये येतो, पुढच्या मेसेजमध्ये येत नाही. आपल्याकडून काही दुरुस्ती अडली असेल तर ती मुदतीच्या आत उरकावी. गळका नळ महिनाभर तसाच ठेवून सात तारखेला कडक भाषा केली, तर समोरचा भाड्याबद्दल नाही, नळाबद्दल बोलणार. आणि त्याचं बरोबर असणार.

मुदत उलटून दोन दिवस झाले की दुसरा मेसेज. त्याआधी खातं उघडून बघायचं. हे सांगायला नको असं वाटतं, पण मावशीची ती रात्र मी विसरलेलो नाही. नुसतं २२,००० शोधून चालत नाही. नाव वेगळं असू शकतं, रक्कम दोन तुकड्यांत आलेली असू शकते. नवा फोन घेतला की पहिले २४ तास यूपीआयवरून पाच हजारांच्या वर जात नाहीत, म्हणून कोणी पाच हजार आज आणि उरलेले उद्या पाठवतो. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूला त्यावर २ टक्के कर कापून सरकारकडे भरावा लागतो आणि ही कपात बहुधा मार्चच्या किंवा घर सोडण्याच्या महिन्यात एकदम होते. त्या महिन्यात रक्कम चांगलीच कमी येते आणि ती थकबाकी नसते. हे माहीत नसल्यामुळे मार्चअखेर सज्जन भाडेकरूशी भांडलेले घरमालक मी पाहिले आहेत.

दुसरा मेसेज:

"नमस्कार. आज सकाळी खातं पाहिलं. ऑगस्टचं भाडं जमा झालेलं दिसत नाही. पाठवलं असेल तर व्यवहार क्रमांक कळवा, म्हणजे बँकेत बघता येईल. पाठवायचं राहिलं असेल तर कोणत्या तारखेला पाठवाल?"

"तुम्ही भाडं दिलं नाही" आणि "भाडं जमा झालेलं दिसत नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात आरोप आहे, दुसऱ्यात फक्त आपल्या डोळ्यांपुढची गोष्ट आहे. आणि ती खरीही आहे. त्याने दिलं की नाही हे मला माहीत नाही, मला दिसत नाही एवढंच माहीत आहे. तो चुकला असेल तर त्याला "अरेच्चा, राहिलंच" म्हणायला जागा राहते, आणि मी चुकलो असेन तर मला तोंड लपवावं लागत नाही.

या मेसेजचं शेवटचं वाक्य तारीख मागतं. "लवकर पाठवा" म्हटलं की उत्तर येतं "हो लवकर पाठवतो" आणि दोघांचं लवकर वेगळं असतं. "कोणत्या तारखेला" असं विचारलं की समोरच्याला एक आकडा लिहावा लागतो. पुढचे सगळे मेसेज त्या आकड्यावर उभे राहतात. आपण ठरवलेल्या मुदतीपेक्षा त्याने स्वतः लिहिलेली तारीख मोडणं त्याला जास्त जड जातं.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हे सगळं टप्प्याटप्प्याने झालं. भाडेकरू एक तरुण जोडपं होतं. दोघंही सभ्य, घर स्वच्छ ठेवणारं. नवऱ्याच्या कंपनीने पगार लांबवले होते. ७ तारखेच्या मेसेजला त्याने उत्तर दिलं, "सॅलरी लेट आहे, ९ ला करतो." ९ ला १०,००० आले. बाकीचे १२ ला देतो म्हणाला. त्यावर मी लिहिलं:

"१०,००० रुपये मिळाले, आभारी आहे. ऑगस्टच्या भाड्यात धरले. बाकी १२,००० राहिले, ते १२ तारखेला पाठवतो असं तुम्ही म्हणालात, तसं लिहून ठेवतो."

अर्धे पैसे आले की घरमालक दोनपैकी एक चूक करतो. एक तर उरलेल्यांचा राग धरून आलेल्यांची पोच देत नाही, नाहीतर आलेल्यांनी खूश होऊन उरलेल्यांचा आकडा लिहीत नाही. वरच्या ओळींत दोन्ही आहेत. "तसं लिहून ठेवतो" हा शब्दप्रयोग मी आमच्या वाण्याकडून उचलला. तो उधारी देताना हसत म्हणतो, "लिहून ठेवतो हं!" त्यात धमकी काही नाही. पण वही आहे हे दोघांना कळतं.

१२ तारीख कोरडी गेली. १३ ला सकाळी गेलेला मेसेज हा:

"नमस्कार. ऑगस्टच्या भाड्यापैकी १२,००० रुपये अद्याप मिळालेले नाहीत. आपण १२ ऑगस्ट ही तारीख दिली होती. उर्वरित रक्कम १७ ऑगस्टपर्यंत जमा करावी. तोपर्यंत जमा न झाल्यास करारातील कलम ९ नुसार १८ ऑगस्टला लेखी नोटीस पाठवली जाईल."

आता हा आणि २ तारखेचा मेसेज शेजारी ठेवून बघा. एकही कठोर शब्द नाही. तरी वाचणाऱ्याची पाठ ताठ होते. का? "भाडं" गेलं, त्या जागी छापील "भाड्यापैकी". "नाहीत" आहे, "दिसत नाही" नाही, कारण आता शंका उरलेली नाही. "तुम्ही" चे "आपण" झाले. हा आपण आदराचा म्हणून शाळेत शिकवतात, पण रोज तुम्ही म्हणणारा माणूस एकदम आपण म्हणू लागला की त्याने खुर्ची दोन हात मागे सरकवलेली असते. "पाठवाल ना" च्या जागी "जमा करावी" आलं. हे वे-वीवालं क्रियापद नोटीसबोर्डाचं आहे, ते कोणा एका व्यक्तीने म्हटल्यासारखं वाटत नाही, नियमच बोलतोय असं वाटतं. "पाठवली जाईल" मध्येही पाठवणारा मी कुठे नाही. बोलीतून लेखीत जाणं हीच मराठीतली कडक पायरी आहे. म्हणून मी पहिले मेसेज अनुस्वाराचे लिहितो, "भाडं, पाहिलं, झालेलं". पहिल्याच दिवशी "भाडे जमा करावे" लिहिलं, तर तेराव्या दिवशी चढायला जिना उरत नाही. मावशीच्या त्या रात्रीच्या मेसेजमध्ये दोन उद्गारचिन्हांपेक्षा "भाडे आले नाही" मधल्या मात्रा जास्त टोचल्या असणार, असं मला अजूनही वाटतं.

या मेसेजमधली शेवटची ओळ सगळ्यांत जपून लिहायची. जे आपण करणार आहोत आणि जे आपल्याला करता येतं, तेवढंच तिच्यात यावं. इथे माणसं फार वाहवत जातात. "उद्यापासून दुप्पट भाडे लागेल" असं तिसऱ्या दिवशी लिहिणारे आहेत. दुपटीची तरतूद खरोखर आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ मध्ये. पण ती लायसन्सची मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्यासाठी आहे, महिन्याचं भाडं आठवडाभर लांबवणाऱ्यासाठी नाही. उशिराचा दंड करारात लिहिला नसेल, तर तो मेसेजमध्ये उगवू शकत नाही. "पाणी बंद करीन" हे तर लिहूच नये. भाडेकरूचं पाणी-वीज तोडायला याच कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे. आणि लायसन्सवर राहणाऱ्यालाही बाहेरून कुलूप ठोकून काढता येत नाही, ताबा मागण्याचा रस्ता कायद्यातूनच जातो. असलं वाक्य एकदा लिहिलं की पुढे वकिलासमोर तेच आधी दाखवलं जातं, आपले आधीचे पाच सौम्य मेसेज कोणी बघत नाही.

लायसन्स आणि भाडेकरार यांतला फरकही इथे कामाला येतो. आपण बोलताना दोघांनाही भाडेकरूच म्हणतो, पण अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स म्हणजे कागदोपत्री घर वापरण्याची परवानगी. त्यात थकबाकी झाली तर पुढचं काय, ते करारातल्या कलमावर ठरतं. जुन्या चाळीतला, पागडीचा भाडेकरू मात्र वेगळ्या कायदेशीर छत्राखाली असतो. त्याच्यावर थकबाकीसाठी घर रिकामं करण्याचा दावा लावायचा, तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती पोचल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह कोर्टात भरली, तर त्या कारणावर त्याला काढता येत नाही. मुंबईत तर उलटा खेळ वर्षानुवर्षं चालला. मालकच भाडं घ्यायला नकार देई, म्हणजे थकबाकी दिसावी. मग भाडेकरू मनीऑर्डर करून, ती "नाकारली" असा शेरा मारून परत आली की पावती जपून ठेवी. तिथे आठवण करून द्यायची गरज मालकाला नाही, भाडेकरूला होती!

परत कर्वेनगरला येऊ. १३ च्या मेसेजवर निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. १६ ला मावशीचा फोन. "अरे, पोरं चांगली आहेत. ऑगस्ट जाऊ दे, सप्टेंबरला एकदम बघू. डिपॉझिट आहेच की आपल्याकडे."

अनामत आहेच, हा घरमालकाचा सगळ्यांत मोठा गैरसमज. मी तिला फोनवरच हिशेब मांडून दाखवला. आज बाकी १२,०००. सप्टेंबरला एकदम बघायचं म्हणजे ५ सप्टेंबरला आणखी २२,००० चढणार, झाले ३४,०००. मग तू १० सप्टेंबरला नोटीस देणार. करारात नोटिशीची मुदत एक महिन्याची आहे, म्हणजे घर रिकामं होणार १० ऑक्टोबरला. त्याच्या आत ५ ऑक्टोबर येतो, आणखी २२,०००. एकूण ५६,०००. अनामत ६०,०००. हातात उरले ४,०००, त्यात शेवटची लाइटबिलं, रंगाचे पैसे आणि तुटलेला नळ. म्हणजे तू खिशातून घालणार. तेच १८ ऑगस्टला नोटीस दिली तर मुदत संपते १८ सप्टेंबरला. तोपर्यंत जास्तीत जास्त ३४,००० थकतील आणि २६,००० हातात राहतील.

मावशी जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे नोटीस ही घालवायला नाही, हिशेब राखायला." अगदी तेच. कडक मेसेज केव्हा पाठवायचा हे आपला राग ठरवत नाही. अनामत भागिले भाडं, त्यातून नोटिशीचा काळ वजा, एवढ्यावर ते ठरतं. अनामत एकाच महिन्याची असेल तर हा जिना याहून उभा करावा लागतो. सहा महिन्यांची असेल तर एखादा महिना सबुरीनं घेता येतो.

१८ ला नोटीस गेली. वकिलाकडून नाही, मावशीच्याच सहीची, एका पानाची. त्यात करार कोणत्या तारखेला नोंदवला आणि नोंदणी क्रमांक काय, घराचा पत्ता, ऑगस्टचं देय भाडं २२,०००, मिळाले १०,०००, बाकी १२,०००, करारातलं कोणतं कलम, आणि किती तारखेला घर रिकामं करून किल्ल्या द्यायच्या, एवढंच. एक वाक्य मी आग्रहाने घातलं: "पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत संपूर्ण बाकी जमा झाल्यास ही नोटीस मागे घेतल्याचे लेखी कळवले जाईल." लेखी हा शब्द त्यात हवाच. नोटीस दिल्यावर पैसे घेत राहिलं आणि काहीच लिहिलं नाही, तर नोटीस सोडून दिली असा अर्थ लावायला वाव राहतो.

पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह गेलं. आमच्या पिढीच्या तोंडी "रजिस्टर एडी" बसलेलं आहे, पण टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन केलं. शिवाय त्याच पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर. व्हॉट्सॲपचे संवाद कोर्टात चालतात का, असं लोक विचारतात. इलेक्ट्रॉनिक नोंद म्हणून ते दाखल करता येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून मी या धाग्यातलं काहीही पुसत नाही, "डिसअपिअरिंग" चालू ठेवत नाही आणि याच धाग्यात दिवाळीच्या शुभेच्छांखेरीज इतर काही येऊ देत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर भाड्याचा एक शब्दही नाही. तो टोमणा ठरतो, आणि पैसे टोमण्याने येत नाहीत. विद्यार्थी चौघं मिळून राहत असतील तर करारात ज्यांची नावं आहेत त्यांचाच एक छोटा ग्रुप करावा, नाहीतर जो पैसे गोळा करतो त्या एकालाच सगळ्यांचं बोलणं खावं लागतं.

ज्यांनी करार नोंदवलाच नाही त्यांच्यासाठी हे मेसेज तर दुहेरी मोलाचे. अधिनियमाचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. भाडं २२,००० ठरलं होतं की १८,०००, हे मग सिद्ध कशाने करणार? दर महिन्याच्या २ तारखेच्या त्या साध्या ओळीने, जिच्यात आकडा आहे आणि जिला समोरून "हो" आलेलं आहे.

हे मेसेज आपोआप जावेत अशी सोय करावी का, असं भाच्याने विचारलं होतं. मी नको म्हटलं. मजकूर व्हॉट्सॲप बिझनेसच्या तयार उत्तरांत ठेवलेला आहे, कॅलेंडर मला २, ७ आणि १३ तारखेला टोचतं. पाठवायचं बटण मात्र खातं पाहून हातानेच दाबायचं. यंत्राने ठरल्या वेळी ४ तारखेला पैसे दिलेल्या माणसालाही ७ तारखेला "दिसत नाही" म्हणून विचारलं असतं. आपोआप करायचंच असेल तर उलट्या बाजूने करावं: भाडेकरूने आपल्या बँकेत दरमहा ठरावीक तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्यावी. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका भाडेकरूने ती दिली आणि त्याच्याशी माझा पत्रव्यवहारच संपला.

राहिली शेवटची पायरी, पोच. बहुतेक घरमालक ती देतच नाहीत. पैसे आले, विषय संपला. पण भाडेकरूला घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी पावत्या लागतात, वर्षाचं भाडं एक लाखावर असेल तर मालकाचा पॅनही लागतो. रोख पाच हजारांवर घेतले तर पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट. मार्चमध्ये बारा पावत्या एकदम मागण्यापेक्षा दर महिन्याला एक ओळ बरी.

२३ ऑगस्टला दुपारी फोन टिंगला. १२,०००. शेऱ्यात "ऑगस्ट भाडे बाकी". मागोमाग त्याचा मेसेज, पगार आज झाला, उशिराबद्दल सॉरी, नोटीस पाहून बायको घाबरली आहे. मी मावशीला विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, नोटीस मागे घेतो म्हण, आणि चांगलं लिही.

मी लिहिलं: "१२,००० रुपये मिळाले. ऑगस्टचं भाडं पूर्ण झालं. १८ तारखेची नोटीस मागे घेतली आहे, तसं मावशींच्या सहीचं पत्र उद्या पाठवतो. घाबरू नका म्हणावं त्यांना." पाठवण्याआधी एकदा वाचलं. "भाडे" ऐवजी "भाडं" आपोआपच आलं होतं.